नाव पडते, पण पाडतो कोण?

आपल्या मराठी भाषेत एक मोठी सूचक गोष्ट आहे. मूल जन्मले की आपण त्याचे ‘नाव ठेवतो’. पुढे तेच मूल मोठे झाले, त्याच्या चालण्याबोलण्यात आपल्याला काही उणे दिसू लागले की आपण त्याला ‘नावे ठेवतो’. एकवचनात जे कृत्य प्रेमाचे आणि कर्तव्याचे आहे, तेच अनेकवचनात निंदेचे होते. तिसरा प्रकार आणखी निराळा आहे. त्याला आपण म्हणतो, अमक्याला तमके ‘नाव पडले’. जणू झाडावरून पान पडावे तसे ते आपोआप पडले, कोणी पाडले नाही. या वाक्यात कर्ताच नाही. ज्या कृत्याला कर्ता नाही, त्या कृत्याचा जाबही कोणाला विचारता येत नाही, अशी आपण मनाची समजूत घालतो.

वाचक बंधू-भगिनींनो, आज या ‘पडलेल्या’ नावांविषयी, म्हणजे मित्रामित्रांतील टोपणनावांविषयी, थोडा विचार करावयाचा आहे. विषय क्षुल्लक वाटेल. परंतु पवित्र कुरआनने तो क्षुल्लक मानलेला नाही. ‘अल-हुजुरात’ या 49 व्या सूरहच्या 11 व्या आयतीत श्रद्धावंतांना उद्देशून तीन गोष्टींची मनाई आली आहे: एकमेकांची टवाळी करू नये, एकमेकांवर दोषांचे शब्द टाकू नयेत, आणि एकमेकांना वाईट उपनावांनी हाका मारू नयेत. ज्या सूरहमध्ये समाजातील तंटे मिटविण्याचा, अफवांची शहानिशा करण्याचा आणि मानवजातीच्या एकत्वाचा विचार सांगितला आहे, त्याच सूरहमध्ये हाक कशी मारावी हेही सांगितले आहे. अल्लाहच्या दृष्टीने या गोष्टी एकाच पंक्तीतील आहेत.

प्रथम, अशी नावे निर्माण कशी होतात ते पाहू. मराठी बोलणाऱ्या मित्रमंडळींत याची एक ठराविक रीत आहे. नाव तोडायचे आणि त्याला ‘या’ हा प्रत्यय जोडायचा. प्रकाशचा पक्या होतो, सचिनचा सच्या होतो, तसाच सलीमचा सल्या, इम्रानचा इम्या आणि जावेदचा जाव्या होतो. मुलींत शबानाची शब्बू आणि नजमाची नज्जू होते. या हाकेत अपमान नसतो, जवळीक असते. ज्या मुलाला वर्गात कोणीच ‘या’ लावून हाक मारीत नाही तो मुलगा एकटा आहे, असे खुशाल समजावे. पूर्ण नावाने हाक मारतात ते मास्तर, अथवा रागावलेली आई.

परंतु हाच ‘या’ आपण दुसऱ्या ठिकाणीही लावतो. ज्याला टक्कल आहे तो टकल्या, ज्याची जीभ जड आहे तो बोबड्या, ज्याचा डोळा तिरपा आहे तो चकण्या, जो पायाने अधू आहे तो लंगड्या. प्रत्यय तोच, स्वर तोच, हाक मारणाऱ्याच्या चेहऱ्यावरील हसूही तेच. म्हणूनच घोटाळा होतो. सल्या म्हणताना जे प्रेम होते तेच लंगड्या म्हणतानाही आहे, असे हाक मारणाऱ्यास प्रामाणिकपणे वाटते. त्याचा कान दोहोंत भेद करीत नाही. ज्याच्या पायात दोष आहे त्याचा कान मात्र तो भेद अचूक करतो.

तिसरा प्रकार प्रसंगावरून पडणाऱ्या नावांचा. एखाद्याने एकदा काही केले, एकदा काही म्हटले, आणि तो एक क्षण त्याच्या जन्माला चिकटला. ही नावे सर्वांत अधिक टिकतात, कारण त्यांच्यामागे एक गोष्ट असते आणि ती गोष्ट पुन्हा पुन्हा सांगण्यात गंमत असते. नव्या माणसाने विचारले की ‘याला असे का म्हणता?’, की जुने मित्र उत्साहाने ती कथा सुरू करतात. नाव आणि कथा एकमेकांना जिवंत ठेवतात. काही नावे तर खऱ्या नावाला पूर्ण झाकून टाकतात. लोकमान्य टिळकांचे मूळ नाव केशव होते, पण घरातील ‘बाळ’ हेच नाव पुढे साऱ्या देशाने स्वीकारले. टोपण म्हणजे झाकण. टोपणनाव हे खरोखरच झाकण आहे. त्याखाली माणूस उबेत राहतो की गुदमरतो, एवढाच प्रश्न आहे.

आता ही आयत कोणत्या परिस्थितीत अवतरली ते पाहू, म्हणजे आपल्या गावकट्ट्यांशी तिचे नाते स्पष्ट होईल. हदीसच्या ग्रंथांत बनू सलमा या मदीनेतील घराण्यातील एक सहाबी सांगतात की ही आयत आमच्याच बाबतीत अवतरली. आदरणीय प्रेषित मुहम्मद (स.) मदीनेत आले तेव्हा आमच्यात असा एकही मनुष्य नव्हता ज्याला दोन-तीन नावे नव्हती. प्रेषित (स.) त्यांपैकी एखाद्या नावाने कोणास हाक मारीत, तेव्हा लोक सांगत की, हे अल्लाहचे प्रेषित, या नावाचा त्याला राग येतो.

या छोट्याशा वृत्तांतात लक्ष देण्यासारखी एक गोष्ट आहे. प्रेषित (स.) मदीनेत नवे होते. लोक ज्या नावाने हाक मारतात तेच त्याचे नाव, असे समजून त्यांनी हाक मारली. ते नाव बोचते हे त्यांना ठाऊक नव्हते. परंतु बाकीच्या साऱ्यांना ठाऊक होते! त्याला राग येतो हे माहीत असूनही ते नाव चालतच राहिले होते. आणि हे सांगितले कोणी? ज्याला ते नाव होते त्याने नव्हे, इतरांनी. ज्याला बोचते तो बहुधा बोलत नाही. प्रत्येक गावात, प्रत्येक वर्गात आजही हेच घडते.

याचा अर्थ इस्लामला टोपणनावेच नकोत, असा मुळीच नाही. प्रेषितांचे (स.) जीवन पाहिले तर प्रेमाच्या हाकांनी ते भरलेले आहे. आपल्या पत्नी ह. आयेशा (रजि.) यांना ते नाव छोटे करून ‘या आइश’ अशी हाक मारीत. आपण सलीमचा सल्या करतो त्याच जातीची ही जवळीक आहे. लहानग्या सेवकास, ह. अनस (रजि.) यांना, ते गमतीने ‘दोन कानांच्या’ म्हणत. दोन कान कोणास नसतात? ही थट्टा अशी आहे की तिच्यात दोषाचा लवलेश नाही. उलट नीट ऐकणारा मुलगा असे कौतुकच तिच्यात दडले आहे. ज्या सहाबींकडून आपणास सर्वाधिक हदीस मिळाल्या ते ह. अबू हुरैरा (रजि.) त्यांच्या मांजरीच्या पिल्लामुळे त्या नावाने ओळखले जातात. घरच्या शेळ्या चारताना ते पिल्लू त्यांच्या संगतीला असे. रात्री ते त्याला झाडावर ठेवीत आणि दिवसा त्याच्याशी खेळत. लोकांनी पाहिले आणि नाव पडले. चौदा शतके लोटली तरी ते नाव आदराने घेतले जाते.

परंतु या विषयाचा सारा मर्म ज्या एका नावात साठला आहे ते ह. अली (रजि.) यांचे नाव ‘अबू तुराब’, म्हणजे धुळीचा धनी. ह. सहल बिन साद (रजि.) यांनी तो प्रसंग सांगितला आहे. प्रेषित (स.) आपली कन्या ह. फातिमा (रजि.) यांच्या घरी आले. जावई घरी नव्हते. चौकशी केली तेव्हा कळले की पतिपत्नीत काही बोलाचाली झाली आणि ते रागाने बाहेर निघून गेले. शोध घेता ते मशिदीत झोपलेले आढळले. अंगावरची चादर बाजूस सरकली होती आणि अंगाला माती लागली होती. प्रेषित (स.) त्यांच्या अंगावरची माती आपल्या हाताने झाडू लागले आणि झाडता झाडता म्हणाले की, ऊठ, अबू तुराब, ऊठ.

सासरे जावयाकडे आले आहेत, आणि मुलीशी भांडण झालेले आहे. बोलण्यासारखे पुष्कळ होते. पण हातांनी माती झाडली आणि तोंडातून एक लाडाचे नाव निघाले. राग विरला. ह. सहल (रजि.) सांगतात की ह. अलींना (रजि.) या नावाहून अधिक प्रिय असे दुसरे नाव नव्हते.

कथा येथे संपत नाही. पुढे काळ बदलला. मदीनेवर अलींच्या (रजि.) विरोधी पक्षाचा अधिकारी नेमला गेला. त्याने याच वृद्ध सहल (रजि.) यांना बोलावून अलींची निंदा करावयास सांगितले. त्यांनी नकार दिला. तेव्हा निदान ‘अबू तुराब’चा तरी धिक्कार कर, असे त्यांना सांगण्यात आले. धुळीचा धनी हे नाव त्या मंडळींच्या तोंडी हिणवण्याचे झाले होते. त्या वेळी सहल (रजि.) यांनी हे नाव मुळात कोणी, केव्हा आणि कसे दिले याची ही कथा सांगितली.

अक्षरे तीच, अर्थ तोच. परंतु एका तोंडात ते नाव माती झाडणारे होते आणि दुसऱ्या तोंडात माती फेकणारे. म्हणून टोपणनाव चांगले की वाईट हे केवळ शब्दकोशात पाहून ठरत नाही. ते कोण, कोणापुढे आणि कशासाठी घेतो, यावर ते ठरते. आपल्यातील कित्येकांना याचा अनुभव आहे. शाळेत जिवलग मित्र ‘काय मियाँ’ म्हणून खांद्यावर हात टाकतो तेव्हा ऊब वाटते. तोच शब्द अनोळखी माणूस गर्दीत उच्चारतो तेव्हा अंग आक्रसते. म्हणून मित्रानेही समजून असावे की चारचौघांत त्याने मारलेली हाक परके कान उचलतात, आणि प्रेम मागे ठेवून केवळ शब्द घेऊन जातात.

आता एक प्रसंग सांगणे माझे कर्तव्य आहे. तो सांगताना मला संकोच वाटतो, कारण त्यातील अपराधी मीच आहे. ज्या मित्राचा हा प्रसंग आहे त्याच्या संमतीने तो लिहीत आहे. त्याचे खरे नाव मात्र येथे देत नाही.

कोकणातील एका तालुक्याच्या गावी आम्ही मराठी शाळेत शिकत होतो. आमच्या टोळक्यात सहा मुले होती, तीन मुसलमान आणि तीन हिंदू. सहाही जणांना टोपणनावे होती. एकाचे पाय लांब म्हणून तो बगळ्या. एकजण प्रत्येक गोष्ट समजावून सांगे म्हणून तो मास्तर. मी शुक्रवारी मधल्या सुट्टीत नमाजला जाई म्हणून मी मौलाना. मला ते नाव आवडे. आपल्याला मिळालेले नाव आपल्याला आवडले म्हणजे इतरांनाही त्यांची नावे आवडतातच, असे आपण धरून चालतो. माझी पहिली चूक ती.

आठवीच्या सहामाही परीक्षेत भूमितीच्या पेपराच्या दिवशी या मित्राने माझी कंपासपेटी उसनी मागितली. त्याआधी त्याने बगळ्याची पट्टी मागितली होती आणि मास्तरचा खोडरबर. मी पेटी दिली आणि सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, “घे रे, उसन्या!” वर्ग हसला. तोही हसला. त्या दिवसापासून तो उसन्या झाला. ‘नाव पडले’ असे आम्ही म्हणत होतो, पण ते मी पाडले होते.

त्याच्या घरची परिस्थिती आम्हांस ठाऊक नव्हती असे नाही. त्याचे वडील आजारी होते, घर आईच्या शिवणकामावर चालले होते, आणि किराणा उधारीवर येत होता. कंपासपेटी नसणे हा विसराळूपणा नव्हता. ती घरात नव्हतीच. मी हे जाणत होतो. परंतु नाव एकदा चालू झाले की त्याच्या अर्थाकडे कोणी पाहत नाही. आम्ही ते वापरीत गेलो. अंगणात हाक मारताना उसन्या, लग्नाच्या पंगतीत उसन्या, आणि पुढे मोबाइल आले तेव्हा आमच्या सर्वांच्या फोनमध्येही उसन्या. तीस वर्षे लोटली. तो कष्टाने वर आला, त्याने घर बांधले, कोणाचा एक पैसा ठेवला नाही. आम्ही हाक मारीत राहिलो आणि तो हसून ओ देत राहिला.

गेल्या वर्षी त्याच्या मुलीची मंगनी होती. मांडवात व्याही मंडळी बसली होती. आम्ही जुने मित्र उशिरा पोहोचलो. मी आनंदाच्या भरात दारातूनच ओरडलो, “काय उसन्या, पाहुण्यांना सरबत तरी स्वतःचं पाजतोस ना?” आम्ही पाचही जण हसलो. तोही हसला. परंतु वराच्या वडिलांनी शेजारच्या माणसाकडे वळून काही विचारले, आणि त्या माणसाने आवाज खाली करून काही सांगितले. माझ्या मित्राचे लक्ष तिकडे होते. सरबताचा ट्रे त्याच्या हातात होता. तो त्याने खाली ठेवला आणि पुन्हा उचलला. एवढेच घडले.

इशाच्या नमाजनंतर आम्ही मशिदीतून बरोबर परतत होतो. वाटेत तो म्हणाला, “एक सांगू? वाईट वाटून घेऊ नकोस. आजपासून मला नावाने हाक मार.”

मी म्हणालो, “अरे, आपलं जुनं प्रेमाचं नाव ते.”

तो थोडा वेळ चालत राहिला. मग म्हणाला, “तुझं प्रेम मला माहीत आहे रे. म्हणून तर तीस वर्षं ओ दिली. पण ते नाव ऐकलं की दर वेळी मला अम्मी दिसते, दुकानदारापुढे वही धरून उभी असलेली. माझ्या लेकीच्या सासरी ती वही जायला नको.”

त्या रात्री मला झोप आली नाही. तीस वर्षांत आम्ही ती हाक किती हजार वेळा मारली असेल! दर वेळी तो हसला होता, आणि दर वेळी ती वही उघडली होती.

त्या प्रसंगानंतर आयतीतील एक शब्द मला नव्याने कळला. दोष टाकण्याची मनाई करताना कुरआनने ‘इतरांवर’ असे म्हटलेले नाही, तर ‘स्वतःवर’ असे म्हटले आहे. भाष्यकार सांगतात की श्रद्धावंत हे एका देहासारखे आहेत, म्हणून भावावर टाकलेला दोष आपल्याच अंगावर पडतो. तसेच उपनावांसाठी जो अरबी शब्द आला आहे, ‘तनाबुज’, त्याची रूपरचना परस्परतेची आहे. एकाने दिले, दुसऱ्याने उलट दिले, आणि सारी टोळी त्यात गुंतली, असा त्यात भाव आहे. ‘तोही आम्हांला नावे ठेवीतच होता’ ही सबब म्हणूनच चालत नाही. जे परस्पर चालते त्याचीच तर मनाई आहे.

आयतीच्या शेवटी आणखी एक इशारा आहे. श्रद्धा स्वीकारल्यानंतर अवज्ञेचे नाव हे किती वाईट नाव, अशा आशयाचे ते शब्द आहेत. त्याचा एक अर्थ भाष्यकारांनी असा केला आहे की, ज्याने पश्चात्ताप करून वाट बदलली त्याला त्याच्या जुन्या पापाच्या नावाने संबोधू नये. दुसरा अर्थ असा की, जो भावाला वाईट नाव देतो तो स्वतःच अवज्ञाकारी हे नाव कमावतो. आपण दुसऱ्यास नाव देतो आणि त्याच क्षणी अल्लाहकडे आपल्यालाही एक नाव मिळते. मी माझ्या मित्राला उसन्या म्हटले. ऋणको खरा मी होतो.

येथे कोणी विचारील की, एखादा मनुष्य त्याच नावाने प्रसिद्ध असेल तर काय करावे? आपल्या धर्मपंडितांनी या प्रश्नाचा बारकाईने विचार केला आहे, कारण खुद्द हदीसच्या कथनकर्त्यांत ‘अल-आरज’ म्हणजे लंगडा आणि ‘अल-आमश’ म्हणजे अधू दृष्टीचा अशा नावांनी ओळखले जाणारे थोर विद्वान आहेत. एका सहाबींना हात लांब असल्यामुळे ‘जुल-यदैन’ म्हणत, आणि नमाजमधील एका प्रसंगी प्रेषितांनी (स.) त्यांचा उल्लेख त्याच नावाने केला. इमाम बुखारी (रह.) यांनी याच हदीसच्या आधारे आपल्या ग्रंथात, ओळख पटविण्यासाठी उंच किंवा ठेंगणा असा उल्लेख करता येतो, हिणविण्यासाठी करता येत नाही, अशा आशयाचे प्रकरण बांधले आहे. इमाम नववी (रह.) यांनी त्यात भर घातली की, दुसऱ्या नावाने ओळख पटत असेल तर तेच घेणे अधिक चांगले.

याचे सर्वांत सुंदर उदाहरण इस्माईल बिन इब्राहीम (रह.) या हदीस-विद्वानांचे आहे. लोक त्यांना त्यांच्या आईच्या नावावरून ‘इब्न उलय्या’ म्हणत. या नावात अपमान काहीच नव्हता, आई सन्माननीय होती. परंतु त्यांना ते आवडत नसे. इमाम शाफई (रह.) त्यांचा उल्लेख करताना ‘इस्माईल, ज्यांना इब्न उलय्या म्हटले जाते ते’ असे म्हणत. म्हणजे ओळखही पटली आणि ते नाव आपण दिले नाही हेही सांगितले. इमाम अहमद (रह.) यांनी याह्या बिन मईन (रह.) यांना ते नाव घेताना ऐकले तेव्हा सांगितले की, इस्माईल बिन इब्राहीम म्हणा, आईकडून संबोधलेले त्यांना आवडत नाही असे माझ्या कानी आहे. याह्यांनी वाद घातला नाही. ‘साऱ्या जगाला तेच नाव माहीत आहे’ असेही ते म्हणाले नाहीत. चांगली गोष्ट शिकविल्याबद्दल त्यांनी ती तत्काळ मान्य केली. निकष असा साधा आहे. नाव चांगले आहे की वाईट हे मी ठरवावयाचे नाही. ज्याचे आहे त्याला ते आवडते काय, एवढेच पाहावयाचे.

परंतु तो तर हसतो! मग कळावे कसे? हसण्यावर विसंबू नये. टोळीत जो हसत नाही तो ‘चिडका’ ठरतो आणि त्याला आणखी चिडवले जाते, हे शाळेतील लहान मूलही जाणते. म्हणून पुष्कळदा हसणे ही संमती नसते, ती ढाल असते. खरी चिन्हे निराळी आहेत. तो स्वतःचा परिचय करून देताना ते नाव सांगतो काय? सलीम नव्या माणसाला आनंदाने ‘मला सल्या म्हणतात’ असे सांगेल. माझ्या मित्राने तीस वर्षांत एकदाही ‘मला उसन्या म्हणतात’ असे कोणास सांगितले नव्हते. ते नाव त्याच्या आईवडिलांपुढे, पत्नीपुढे, मुलांपुढे घेताना आपली जीभ अडखळते काय? अडखळत असेल तर आपल्या मनाने निवाडा दिलेलाच आहे. आणि ते नाव ज्यावरून पडले ती गोष्ट बदलणे त्याच्या हाती होते काय? रंग, उंची, वाचा, जात, गरिबी ही त्याने निवडलेली नव्हती. ती अल्लाहच्या नियोजनातील होती. तिच्यावर हसणे म्हणजे नकळत कोणावर हसणे आहे, याचा विचार करावा.

त्याच्या पाठीमागे घेतलेल्या नावाचा हिशेब वेगळा आहे. भावाचा असा उल्लेख करणे, जो त्याला आवडणार नाही, हीच चहाडी अर्थात गीबत, अशी व्याख्या प्रेषितांनी (स.) केली आहे. सांगितलेली गोष्ट खरी असली तरी ती गीबतच, आणि खोटी असेल तर तो बालंट घेण्याचा अपराध. ‘पण तो आहेच ठेंगणा’ ही सबब येथे बाद होते. ह. आयेशा (रजि.) यांनी एकदा दुसऱ्या प्रेषितपत्नीच्या ठेंगणेपणाकडे निर्देश केला, तेव्हा प्रेषितांनी (स.) बजावले की हा शब्द असा आहे की समुद्राच्या पाण्यात मिसळला तर तेही बिघडावे. तो एकच शब्द होता, तोही घरातल्या घरात उच्चारलेला.

आता चूक कळल्यावर काय करावे? माणसाच्या हक्काचा जेथे भंग झाला तेथे केवळ अल्लाहजवळ क्षमा मागून भागत नाही, ज्याचा हक्क त्याच्याकडे जावे लागते. दुसऱ्या दिवशी फज्रनंतर मी त्याच्या घरी गेलो. ‘गमतीत म्हणत होतो’ हे वाक्य तोंडाशी आले होते, ते मी गिळले. गंमत माझी होती, त्याची नव्हती. मी एवढेच म्हणालो की ते नाव मी पाडले, मी चुकलो, मला माफ कर. त्याने चहा मागविला. नंतर इतर चौघा मित्रांना मी स्वतः फोन केले, कारण नाव पसरविणाऱ्यानेच ते परत गोळा करावयास हवे. त्याने तक्रार केली असे त्यांना सांगितले नाही, नाहीतर ‘चिडला वाटतं’ अशी नवी कथा सुरू झाली असती. माझी चूक मला कळली आहे, एवढेच सांगितले. फोनमधील नाव बदलले. जीभ मात्र फोनसारखी बदलत नाही. पुढे दोन वेळा ते नाव तोंडातून निसटले. दोन्ही वेळा मी तेथेच थांबून खरे नावच पुन्हा घेतले. आता सवय झाली आहे. बगळ्याला मात्र मी विचारले, तुला चालते ना? तो म्हणाला की, माझा नातूसुद्धा मला बगळे आजोबा म्हणतो, ते कसे बदलणार? त्याचे नाव तसेच राहिले. प्रत्येकाला विचारावे लागते. एकाचे उत्तर दुसऱ्यास लागू पडत नाही.

ह. उमर (रजि.) यांच्या नावे एक वचन सांगितले जाते की, भावाचे प्रेम तुमच्याविषयी निर्मळ व्हावे असे वाटत असेल तर भेटताच प्रथम सलाम करा, बैठकीत त्याला जागा द्या, आणि त्याला सर्वांत प्रिय असलेल्या नावाने हाक मारा. पाहा, केवळ ‘चांगल्या’ नावाने असे म्हटलेले नाही, त्याला ‘प्रिय असलेल्या’ नावाने असे म्हटले आहे. आणि ते कोणते हे जाणण्यासाठी त्याला विचारावे लागते, त्याच्याकडे पाहावे लागते.

आज रात्री इशानंतर आपल्या फोनमधील नावांच्या यादीवरून एकदा नजर फिरवावी. तेथे जे जे टोपणनाव आढळेल त्याच्याजवळ क्षणभर थांबून स्वतःस विचारावे की, हे मी पाडले आहे काय, आणि याखाली कोणाची वही तर मिटून ठेवलेली नाही ना? हे अल्लाह, आमच्या जिभेला अशी नावे दे जी भावाच्या अंगावरची माती झाडतील, आणि आमच्या हाकांनी ज्यांची मने दुखावली त्यांच्याकडे जाण्याचे धैर्य आम्हांस लाभू दे. आमीन.